ओंकारसाठी, घड्याळाच्या खोक्यात ठेवलेली चिठ्ठी

रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय ओंकार,

उद्यापासून तुझी फर्स्ट शिफ्ट. दोन आठवडे ट्रेनिंग रूममध्ये बसलास, आता प्रत्यक्ष लाइनवर उभं राहायचं. पहाटे गडबडीत बोलणं होणार नाही, आणि तोंडावर बोलायला गेले की माझा आवाज भरून येतो, म्हणून लिहिते आहे. खोकं उघडलंस की आधी हे वाच.

परवा जेवताना तू म्हणालास की फोन गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आत नेता येत नाही. मी विचारलं, मग वेळ कशी बघतोस? तू म्हणालास, भिंतीवर असतं की घड्याळ. ते ऐकलं आणि माझं ठरलं. तुझ्या हातात आजवर घड्याळ आलंच नाही. दहावीला घेऊ म्हटलं तर तुला सायकल हवी होती, नंतर फोन आला आणि विषय संपला.

लक्ष्मी रोडवरून घेतलं. दुकानातल्या दादांनी आधी सगळी स्मार्टवॉच काढून दाखवली. पावलं मोजतात, झोप मोजतात, नाडीसुद्धा मोजतात म्हणाले. मी म्हटलं, मला मुलासाठी काट्यांचं हवंय, पांढरी डायल, ठळक आकडे आणि लांब सेकंदकाटा. तो आकड्यांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर दोन रेघांच्या मधे कुठे आहे ते समजत नाही. चार-पाच घड्याळं पाहिली. त्यातलं हे हातात घेतलं आणि काउंटरशी उभी राहून पूर्ण एक मिनिट माझी नाडी मोजली. 78. ते दादा काही न बोलता थांबले. मग म्हणाले, सिस्टर का तुम्ही? पैसे देताना त्यांनी आपणहून कमी केले.

चामड्याचा पट्टा दिसायला छान होता, पण आपल्याकडचा पावसाळा आणि तुमच्या शॉप फ्लोअरवरचा घाम, दोन महिन्यांत वास मारला असता. म्हणून स्टीलचा घेतला. दोन कड्या काढून आणल्यात, त्या खोक्यात आहेत, टाकू नकोस. पुढे मनगट भरलं की लागतील.

माझं पहिलं घड्याळ तू कपाटात पाहिलंयस, लाल कापडी पाकिटातलं. चावीचं एचएमटी. 1997 साली मला नोकरी लागली तेव्हा आप्पा अंजिराच्या पाट्या घेऊन मार्केट यार्डात आले होते. विक्रीची पट्टी हातात पडल्यावर दिवे गावची एसटी पकडायच्या आधी ते गुलटेकडीहून चालत मंडईपर्यंत गेले, घड्याळ घेतलं आणि माझ्या हॉस्टेलच्या फाटकाशी येऊन दिलं. त्यांना घड्याळ फारसं कळत नसे. त्यांची वेळ विहिरीवरची लाइट कधी येते-जाते त्यावर चालायची. एवढंच म्हणाले, "रोज चावी दे, विसरू नको. जनावरासारखंच आहे ते, दाणापाणी वेळेवर लागतं." मी रोज सकाळी ड्यूटीला निघताना चावी दिली, अकरा वर्षं.

तू विचारशील, मग तेच का नाही दिलं. ते माझं आहे रे. आप्पांनी मला दिलेलं आहे. शिवाय ते बायकी, लहान, आणि आता नीट चालतही नाही. तुझ्या घड्याळाची सुरुवात तुझ्यापासून व्हावी असं मला वाटतं.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुझ्या बाबांनाही फार उशिरा सांगितली.

नोकरीचं पहिलंच वर्ष. नाइट ड्यूटी, वॉर्ड भरलेला, आम्ही दोघीच. पहाटेचा राउंड मी घेत होते. नाडी मोजायची तर बोटं मनगटावर ठेवून पूर्ण एक मिनिट थांबायचं, हे शिकवलेलं असतं. पण तीस पेशंट म्हणजे नुसत्या नाडीला अर्धा तास. मग सगळे करतात तेच मी केलं, पंधरा सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचं. एका आजोबांची एकवीस मोजली आणि चार्टवर 84 लिहून पुढे गेले. सकाळी हँडओव्हरला आमच्या मोठ्या सिस्टर त्यांच्या कॉटपाशी थांबल्या. हात धरला आणि पूर्ण मिनिट उभ्या राहिल्या. आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघत होतो. मग मला म्हणाल्या, तू धर. मी धरला. पहिले पंधरा-वीस सेकंद सगळं सरळ होतं. नंतर एक ठोका गळाला. मग दोन नीट, मग परत एक गळाला. डॉक्टरांना लगेच बोलावलं, ईसीजी काढला, आजोबांना दुसरीकडे हलवलं. ते बरे होऊन घरी गेले, देवाची कृपा.

सिस्टर मला ओरडल्या नाहीत. चार्टवरच्या माझ्या 84 वर बोट ठेवून एवढंच म्हणाल्या, "हे तू मोजलंस का, की काढलंस?"

ओंकार, तुझ्या कामाचं नावच क्वालिटी आहे. तुझ्या हातात मायक्रोमीटर असेल, समोर तासाला भरायचा तक्ता असेल आणि लाइन थांबलेली कुणालाच चालणार नाही. मागचे दहा पीस बरोबर आले म्हणजे अकरावाही बरोबर असणार, असं वाटेल. शिफ्ट संपताना राहिलेले रकाने भरून टाकायचा मोह होईल. शेजारचा भरतही असेल, आणि तो माणूस वाईट नसेल, दमलेला असेल. तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण दमलेल्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही, मग ती मी असले तरी. तेव्हा मोजलेलं तेवढंच लिही. मोजायचं राहिलं असेल तर रकाना रिकामा ठेव आणि वर सांग. बोलणी बसली तर खा. ती रात्रीपर्यंत विसरतात, ते 84 मला अजून आठवतं.

आणि मिनिट लहान असतं असं मानू नकोस. सेकंदकाट्याकडे बघत एकदा पूर्ण मिनिट बसून बघ, केवढं लांब असतं ते. पाचशे मिलीचं सलाईन आठ तासांत जायचं असेल तर मिनिटाला साधारण 21 थेंब सोडावे लागतात, म्हणजे तीन सेकंदांना एक. सलाईनच्या चाकावर अंगठा आणि घड्याळावर डोळे, असं मी किती मिनिटं उभी राहिले असेन. तेवढ्या वेळात पेशंट काहीतरी बोलतो, घरचं सांगतो. बरंचसं ऐकलेलं मी तेव्हाच ऐकलंय.

2020 मध्ये घड्याळ घालता येत नव्हतं. किटच्या आत घातलं तर बघायचं कसं, आणि बाहेर घातलं तर घरी आणायचं कसं. भिंतीवरचं घड्याळ चष्म्यावरच्या वाफेतून दिसायचं नाही. ते सहा तास किती झाले आणि किती राहिले, काही कळायचं नाही. घरी आले की मी आतल्या खोलीत एकटी. तू बारावीचा अभ्यास घेऊन दाराबाहेर बसायचास आणि मी न विचारता मधून मधून वेळ सांगायचास. "आई, साडेचार झाले. आई, सव्वापाच, चहा दाराशी ठेवलाय." तुला कदाचित आठवतही नसेल. मला त्या दिवसांची वेळ तुझ्या आवाजात आठवते. त्याच्यापुढे हे घड्याळ काहीच नाही.

आता कामाचं, हे दोनदा वाच. फिरत्या मशीनजवळ जाताना घड्याळ काढायचं. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, कन्व्हेयर, काहीही असो. अंगठी तर घालायचीच नाही, मामाने दिलेली सोन्याची असली तरी. कॅज्युअल्टीत असताना अंगठी अडकून बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघालेली माणसं मी पाहिली आहेत. एक तर तुझ्याच वयाचा मुलगा होता. बाबा पंचवीस वर्षं पर्वतीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर आहेत, त्यांच्या मनगटावर तू कधी काही पाहिलंस का? लग्नातलं घड्याळ त्यांनी तिसऱ्या दिवशी काढून ठेवलं. दहाही बोटं शाबूत आहेत ती त्यामुळे. आम्हीही ड्रेसिंग करताना, हात धुताना घड्याळ काढतोच. काढलेलं घड्याळ शर्टाच्या खिशात ठेवू नकोस, वाकलास की पडेल. पँटच्या खिशात रुमालात गुंडाळून ठेव. तुमच्या इथे फ्लोअरवर घड्याळच चालत नसेल तर तेही फोनबरोबर लॉकरमध्ये ठेव. मला वाईट वाटेल म्हणून घालून जायचं नाही.

हे सेलवर चालतं. आतला क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, हे तूच मला अकरावीत फिजिक्स पाठ करताना सांगितलं होतंस. मी तेव्हा पोळ्या लाटत होते, पण आकडा लक्षात राहिला. आप्पांच्या घड्याळासारखी रोज चावी द्यायला नको. तरी महिन्या-दोन महिन्यांनी वेळ ताडून बघत जा, थोडं मागेपुढे होतं. सेल संपला तर तसंच पडू देऊ नकोस, आत गळतो आणि मशीन खराब होतं. पावसाचे शिंतोडे चालतील, घालून पोहायला जाऊ नकोस. वॉरंटीचं कार्ड आणि पावती टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, लाइटबिलाच्या फाइलमध्ये ठेवली आहे.

कंपनीची बस स्वारगेटला 5:20 ला आहे. दांडेकर पुलावरून चालत जायचं तर पाच वाजता घर सोड. पहिल्या दिवशी बाबा स्कूटरवर सोडतील, नाही म्हणू नकोस. त्यांना ते करायचंय, फक्त बोलून दाखवत नाहीत. आणि शिफ्ट सुटायची वेळही घड्याळात बघ. पहिले सहा महिने सगळे नवीन पोराला थांबवून घेतात. कामासाठी थांब, जरूर थांब. पण नुसतं साहेब अजून बसलेत म्हणून थांबू नकोस.

घड्याळाची चावी दुकानदाराने बाहेर ओढून दिली आहे, सेल वाया जाऊ नये म्हणून. काटे कुठेतरी भलतीकडेच आहेत. मी लावून ठेवणार होते, हातही घातला होता, मग राहू दिलं. तू लाव. फोनवर बघून बरोबर मिनिट पूर्ण होताना चावी आत दाब.

डबा ओट्यावर आहे, भरलेली वांगी आणि चार पोळ्या. दह्याची डबी वेगळी ठेवली आहे, ती सरळ धर. मला सकाळची ड्यूटी आहे, पण तू निघताना मी उठलेली असेन.

आई