हात: पेशंटला लावायच्या आधी

प्रति: सगळे सिस्टर, ब्रदर, मावशी, मामा, आरएमओ, कन्सल्टंट, लॅब, एक्सरे, फिजिओ, किचन आणि सिक्युरिटी
कडून: इन्फेक्शन कंट्रोल टीम
तारीख: २७ एप्रिल २०२६
कुठे लावायचा: प्रत्येक नर्सिंग स्टेशन, ड्रेसिंग रूम, ओटीच्या बाहेर आणि स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर

नमस्कार मंडळी,

हात धुवा असं सांगणारा मेमो आला की अर्धे लोक वरची ओळ बघून पुढं जातात, आणि त्यात चूक काही नाही, कारण असले मेमो बहुतेक रागावणारेच असतात. हा तसा नाही. कुणाचं नाव नाही, कुठल्या वॉर्डाचा आकडा नाही, मेमो काढल्याशिवाय सुधारत नाहीत वगैरे काही नाही. एकच गोष्ट सांगायची आहे, पाच मिनिटं काढून वाचा.

गेल्या महिन्यात आम्ही वॉर्डांत उभं राहून बघितलं तेव्हा एक गोष्ट सगळीकडं सारखी दिसली. ड्रेसिंग झाल्यावर, युरिन बॅग रिकामी केल्यावर, रक्त लागल्यावर आपण सगळे हात धुतो, कुणी सांगायला लागत नाही, उलट कधीकधी दोनदा धुतो. राहतं ते आधीचं. पेशंटला हात लावायच्या आधी, कॅन्युला धरायच्या आधी, सक्शन करायच्या आधी. आणि हे फक्त आपल्याकडं आहे असं नका समजू, जगभरच्या हॉस्पिटलांत हेच दिसतं. कारण सरळ आहे, नंतरचं धुणं आपल्या स्वतःसाठी असतं, घाण वाटते म्हणून हात आपोआप बेसिनकडं जातो. आधीचं धुणं समोरच्या माणसासाठी असतं आणि त्या वेळी हात अगदी स्वच्छ दिसत असतो. घरी आपण पीठ मळून झाल्यावर हात धुतो ते चिकट लागतं म्हणून, पण मळायच्या आधी धुतो ते खाणाऱ्यांसाठी, आणि ते कुणी विसरत नाही. बस, तेवढंच वॉर्डात आणायचंय.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. संध्याकाळची ड्युटी, सहा नंबरची ड्रिप बघितली, रेलिंग वर केलं, मॉनिटरचा आवाज बंद केला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला, तो बघितला, सात नंबरचे नातेवाईक हाका मारायलेत म्हणून तसंच तिकडं गेलो आणि आयव्हीतून इंजेक्शन दिलं. हात कुठंच घाण झालेला नाही. पण सहा नंबरच्या रेलिंगवर जे काही होतं ते आता सात नंबरच्या कॅन्युलाच्या तोंडावर आहे. अॅसिनेटोबॅक्टरसारखे जंतू कोरड्या पृष्ठभागावर कितीतरी दिवस, कधीकधी महिनेसुद्धा टिकतात, त्यांना ओल लागत नाही, घाण लागत नाही. मग सात नंबरला दोन-तीन दिवसांनी ताप येतो, तोपर्यंत आपली ड्युटी बदललेली असते, डॉक्टर अँटिबायोटिक बदलतात, कल्चर पाठवतात, आणि त्या संध्याकाळशी कुणी ते जोडत नाही. म्हणूनच आपल्याला पटत नाही, कारण आपल्या हातून काय झालं ते आपल्याला कधी दिसतच नाही.

आणि तो ताप स्वस्तात जात नाही हो. आपल्याकडं येणारे कोण आहेत ते तुम्हाला माहितीच आहे, यंत्रमागावर काम करणारे, विड्या वळणाऱ्या बायका, अक्कलकोट-मोहोळकडून एसटीनं आलेले, पलीकडं कर्नाटकातून आलेले. पेशंटसोबत एक माणूस थांबला म्हणजे त्याची पण मजुरी बुडाली. बिल, औषधं, बाहेरचं जेवण, आणि हे सगळं ज्या आजारासाठी आले त्याच्यासाठी नाही तर आपल्याकडं येऊन लागलेल्या दुसऱ्याच गोष्टीसाठी. वीस सेकंद हात चोळल्यानं यातलं बरंच टळतं, हे मला कुठल्याही औषधापेक्षा भारी वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं पाच वेळा सांगितल्यात त्या सगळ्यांनी पाठ केल्यात ट्रेनिंगला, तरी लिहिते. पेशंटला हात लावायच्या आधी. निर्जंतुक काम करायच्या आधी, म्हणजे कॅन्युला, कॅथेटर, ड्रेसिंग, इंजेक्शन. रक्त, लघवी, थुंकी असलं काही लागायची शक्यता असेल त्याच्यानंतर, मग ग्लोव्हज घातले असले तरी. पेशंटला हात लावून झाल्यावर. आणि पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर, पेशंटला लावला नसला तरी. यातल्या पहिल्या दोन आपल्या कच्च्या आहेत, बाकी तीन ठीक चाललेत. पाचही एकदम सुधारा असं म्हणत नाही, या महिन्यात फक्त पहिल्या दोनवर लक्ष द्या.

आता तुमच्या तक्रारी, ज्या खऱ्या आहेत.

पाणी. सोलापुरात पाणी रोज येत नाही हे मेमोत लिहायची गरज नाही, उन्हाळ्यात टाकी खाली गेली की वरच्या मजल्यावर नळाला धार नसते आणि मग साबण कशाला हातात घ्यायचा. म्हणून तर हँडरब. बहुतेक वेळा हँडरबनं काम भागतं आणि साबणापेक्षा चांगलं भागतं, एक थेंब पाणी लागत नाही. साबण-पाणी कुठं लागतंच ते लक्षात ठेवा: हात दिसायला मळलेले किंवा रक्त लागलेले असतील तेव्हा, संडासला जाऊन आल्यावर, जेवायच्या आधी, आणि जुलाबाचा पेशंट असेल तेव्हा, कारण सी-डिफसारख्या जंतूंचे बीजाणू अल्कोहोलनं मरत नाहीत, ते धुऊनच काढावे लागतात. अशा बेडच्या जवळच्या बेसिनला पाणी नसेल तर मेंटेनन्सला फोन करा, बादली-मग भरून ठेवायची सोय केलेली आहे.

बाटली रिकामी असते, किंवा नसतेच. बरोबर आहे. नातेवाईक घरी घेऊन जायचे, तो विषय आता संपलाय, प्रत्येक बेडच्या पायाशी लोखंडी स्टँडमध्ये बाटली बसवलीय, निघत नाही. रिकामी झाली की एक्स्टेंशन २१४ वर सांगा, रात्रीसुद्धा. फक्त खिडकीत उन्हाला बाटल्या ठेवू नका, अल्कोहोल आहे ते, आणि आपला मे महिना कसा असतो ते सांगायला नको. हात वाळल्याशिवाय कुठल्याही ज्योतीजवळ किंवा ठिणगी उडेल अशा ठिकाणी नेऊ नका.

हात फाटतात. हो, फाटतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा हँडरब नाही तर साबण असतो. आधी साबण, लगेच वरून हँडरब असं दोन्ही करणारे बरेच आहेत, त्यानं कातडी आणखी सुकते आणि फायदा काही नाही, दोन्हीपैकी एकच करा. हँडरबमध्ये ग्लिसरीन असतं म्हणून तो त्वचेला साबणापेक्षा सौम्यच. चिरा आधीच पडल्या असतील तर मात्र झोंबतो, त्यासाठी ड्युटी रूममध्ये मॉइश्चरायझर ठेवलंय, ड्युटी संपताना लावा. जखम किंवा इसब असेल तर लपवू नका, येऊन भेटा, काम बदलून देऊ.

ज्यांना श्रद्धेपोटी अल्कोहोल नको वाटतं त्यांनी साबण-पाणी वापरावं, कुणी काही विचारणार नाही.

ग्लोव्हज आहेत की मग. ग्लोव्हजना डोळ्याला न दिसणारी भोकं असतात, काढताना हाताला लागतंच, आणि आत घामानं ओल्या झालेल्या हातावर जंतू निवांत वाढतात. म्हणून घालायच्या आधी हात, काढल्यावर हात. आणि एकाच जोडीनं चार बेड फिरणं, हे सगळ्यात वाईट, त्यापेक्षा ग्लोव्हज नसलेले बरे.

बांगड्या आणि दोरे. हा विषय नाजूक आहे, मला माहितीय. तुळजापूरचा, सिद्धेश्वरांचा, दर्ग्याचा दोरा मनगटात असतो तो ओला राहतो आणि त्यात सगळं बसतं, तर तो दंडात किंवा गळ्यात बांधला तर देवाची काही हरकत नसावी. आयसीयू, एनआयसीयू आणि ओटीत कोपराच्या खाली काहीच नको, घड्याळ पण नाही. वॉर्डात ज्यांना घरच्या रितीमुळं बांगडी काढणं जमत नाही त्यांनी एखादी पातळ ठेवून बाकीच्या लॉकरमध्ये ठेवा आणि हात चोळताना ती वर सरकवा. मेंदी चालते. कृत्रिम नखं नको.

चोळायचं कसं तर तळहात भरेल एवढा हँडरब घ्या, दोन थेंबांनी काही होत नाही. वीस ते तीस सेकंद, वाळेपर्यंत, अॅप्रनला पुसायचा नाही. साबण-पाण्यानं चाळीस ते साठ सेकंद. अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांच्या बेचक्या, या तीन जागा सगळ्यांच्या सुटतात, आणि काम तर आपण बोटांच्या टोकांनीच करतो.

थोडा इतिहास सांगते, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात डॉक्टर सेमेलवाइसनं बघितलं की शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर ज्या वॉर्डात बाळंतपणं करतात तिथं बायका जास्त मरतात. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा. त्यानं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि काही महिन्यांत ते प्रमाण दोनच्या आसपास आलं. जंतू म्हणजे काय हे तेव्हा कुणाला माहीतसुद्धा नव्हतं. तरी सहकाऱ्यांना पटेना, मग तो इतका चिडला की पत्रं लिहून त्यांना खुनी म्हणाला, आणि त्यानं तर कुणीच ऐकलं नाही. माणूस बरोबर होता पण सांगायची पद्धत गेली. आम्ही त्याच्यावरून एवढं शिकलो की मेमोत ओरडायचं नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं, एकमेकांना सांगायचं कसं. कन्सल्टंट मंडळींशी बोलणं झालंय आणि त्यांनी स्वतः मान्य केलंय: कुणीही, अगदी नवीन स्टुडंट किंवा झाडू मारणाऱ्या मावशी, राउंडच्या वेळी "सर, हात" एवढंच म्हणू शकतात. उत्तर एकच, "थँक्यू", मग हँडरब. डोळे वटारायचे नाहीत, तू मला शिकवणार का वगैरे नाही. मावशी, तुम्ही खास म्हणा, तुम्हाला कुणी बोललं तर मला सांगा. नातेवाईकांसाठी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत चित्रांचे बोर्ड दारात लागतील, सिक्युरिटी मामांनी आत सोडताना फक्त बाटलीकडं बोट दाखवायचं. बेडवर बसणाऱ्या पाहुण्यांना उठवायचं काम मात्र आमच्यावर सोडा, त्यात भांडणं होतात.

पुढच्या महिन्यात आम्ही परत वॉर्डांत उभं राहून बघणार आहोत. नावं लिहिणार नाही, फक्त वॉर्ड आणि काम, आणि निकाल आधी त्याच वॉर्डाला दाखवू.

५ मे, मंगळवार, जागतिक हँड हायजीन दिवस आहे. दुपारी अडीच आणि रात्रपाळीसाठी रात्री साडेआठ, तळमजल्यावरच्या लेक्चर हॉलमध्ये. निळ्या दिव्याखाली चमकणारी क्रीम हाताला लावून, नेहमीसारखं धुऊन कुठं सुटतं ते स्वतः बघायचं. भाषण नाही. चहा आहे, शेंगाचटणी-भाकरी पण ठेवतोय, हात धुऊन या.

इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर
एक्स्टेंशन २१४

प्रत: मेडिकल सुपरिटेंडंट, मेट्रन, मेंटेनन्स, स्टोअर (हँडरबचा साठा दर सोमवारी कळवावा)