शाफई की हनफी, आणि पहिली किताब कोणती?

आदरणीय आपा,

अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह.

तुमच्या अरबीच्या वर्गात मागच्या बाकावर बसते, ती मी शबाना. वर्गातच विचारणार होते, पण प्रश्न लांबलचक आहे आणि सगळ्यांसमोर अर्धवट मांडला तर भलताच अर्थ निघेल, म्हणून पत्र लिहितेय.

मला फिकह शिकायची आहे. आजवर जे येतं ते घरात बघून बघून आलेलं आहे. आता किताब समोर ठेवून, सबक घेऊन शिकावं असं फार वाटतं. पण सुरुवात कुठल्या मजहबातून करू, इथेच गाडी अडली आहे.

आमचं घर शाफई. कोकणातली बहुतेक मुस्लिम घरं शाफई, तसंच आमचंही. नमाज मला आजीने शिकवली. फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूनंतर हात उचलून ती कुनूत पढते, म्हणून मीही पढते. हॉस्टेलवर आल्यावर माझ्या रूममेटला ते नवलाचं वाटलं. तिच्या घरी वित्रमध्ये कुनूत असते, फजरमध्ये नाही. तिथपर्यंत ठीक होतं. मग एकदा पेन्सिलला टोक काढताना ब्लेड लागलं आणि बोटावरून रक्त ओघळलं. असरची वेळ झाली होती. ती म्हणाली, "वुजू गेला तुझा, परत कर." मी म्हटलं, "आमच्यात रक्ताने वुजू जात नाही." तिने विचारलं, "कशावरून?" माझ्याकडे उत्तर एकच होतं: आजी सांगते. तिचंही तेच, फक्त आजीच्या जागी तिचे अब्बा. दोघींची नमाज झाली, पण 'कशावरून' काही डोक्यातून जात नाही.

एका मैत्रिणीचं म्हणणं, मजहबबिजहब सोड, हदीसची किताब उघड आणि स्वतः ठरव. मला ते पटत नाही. जेर-जबर नसलेली ओळ वाचताना मी अजून अडखळते. दोन हदीसांत वजन कुठलीचं जास्त, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

म्हणजे मजहब हवा. मन शाफईकडे आहे, कारण जे करते तेच आधी समजून घ्यावं. अडचण एवढीच की इथे जवळपास सगळे शिकवणारे हनफी. तुमचा 'नूरुल ईजाह'चा वर्ग शव्वालमध्ये सुरू होतोय आणि माझ्या वर्गातल्या बहुतेक मुली त्यात बसणार आहेत. मीही बसले तर शिस्तीत शिकणं होईल, रोजचा सबक होईल. पण वुजूचे फर्ज तिथे चार पाठ करायचे आणि घरी सहा पाळायचे, हे मला झेपेल का? नियत आणि क्रम घरी फर्ज, वर्गात सुन्नत. डोक्याच्या मसहचंही तसंच: तिथे चौथा हिस्सा, आमच्याकडे थोडासा भाग ओला झाला तरी पुरे. पाया पक्का होण्याआधीच दोन्हींची खिचडी होईल अशी भीती वाटते. उलट मनात असंही येतं की इमाम शाफई स्वतः मदीनेत इमाम मालिकांकडे शिकले आणि बगदादमध्ये इमाम अबू हनीफांचे शागीर्द इमाम मुहम्मद यांच्याकडेही. दुसऱ्या मजहबाच्या उस्तादाकडे शिकणं म्हणजे आपला मजहब सोडणं नव्हे, हे मला कळतं. पण ते इमाम शाफई होते हो आपा, मी आपली शबाना!

कोकणातल्या एक-दोन मुलींना तुम्ही वेगळं बसवून 'सफीनतुन नजा' पढवलीत असं कानावर आलं आहे. खरं असेल तर मला तीच हवी आहे. छोटी आहे, पाठ होईल. फक्त तिच्यात तहारत, नमाज, जकात एवढंच. रोज्यांचा भाग नववी जावींनी नंतर जोडला म्हणतात. निकाह, व्यवहार यांतलं काही नाही. मग एकदम 'मतन अबी शुजा'च का घेऊ नये? त्यात सगळे बाब येतात. की माझ्या अरबीला ती सध्या जड जाईल? इमाम नववींच्या 'मिन्हाज'चं नाव मी घेतसुद्धा नाही, घाबरू नका.

तुम्ही 'आधी नूरुल ईजाहच कर' म्हणालात तर तेही करीन. फक्त मग घरच्या नमाजीत काही बदलायचं की आहे तसंच चालू ठेवायचं, तेवढं स्पष्ट सांगा. आजीला मी आत्ताच काही बोललेले नाही. कुनूत सोडली तर ती आधी मला विचारेल आणि मग तुम्हाला फोन लावेल.

'सफीना' ठरली तर जेर-जबर लावलेली प्रत कुठली घ्यावी तेही कळवा. सबक तुम्हाला सवड असेल तेव्हा, अगदी फजरनंतर असला तरी येईन. वर्ग सुरू व्हायच्या आत उत्तर मिळालं तर नाव कुठे द्यायचं ते ठरवता येईल.

दुआंत आठवण ठेवा.

तुमची विद्यार्थिनी,
शबाना