आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शन सोहळ्यासाठी रजा मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : ५ डिसेंबर २०२५

प्रति,
माननीय मुख्याध्यापिका,
माध्यमिक विद्यालय,
चिंचवड, पुणे

विषय : घरगुती समारंभासाठी तीन दिवसांची रजा मिळण्याबाबत.
(गुरुवार, ११ डिसेंबर ते शनिवार, १३ डिसेंबर २०२५)

महोदया,

मी मधुरा सुधीर भिडे, आपल्या विद्यालयात इयत्ता ९ वी, तुकडी ‘ब’मध्ये शिकत आहे. माझा हजेरी क्रमांक २४ आहे.

माझे आजोबा सध्या एक्क्याऐंशीव्या वर्षात आहेत. त्यांचा सहस्रचंद्रदर्शन सोहळा शुक्रवार, १२ डिसेंबर रोजी गुहागर तालुक्यातील आमच्या गावी होणार आहे. सोहळा रविवारी ठेवावा, म्हणजे शाळा बुडणार नाही, असे घरात आधी ठरत होते. पण गुरुजींनी काढून दिलेला मुहूर्त शुक्रवारचाच आला. सकाळी शांती आणि होम, तर संध्याकाळी आजोबांचे औक्षण आहे. नातवंडांमध्ये मी सर्वांत मोठी असल्याने औक्षणाची तयारी आजीने माझ्याकडे दिली आहे. आजोबांची आणि माझीही मी त्या दिवशी तिथे असावे अशी फार इच्छा आहे.

गावी जाण्यासाठी कुंभार्ली घाटातून चिपळूणमार्गे एसटीने जावे लागते आणि त्यात जवळजवळ पूर्ण दिवस जातो. त्यामुळे आम्ही गुरुवारी सकाळी निघू आणि शनिवारी रात्रीपर्यंत परत येऊ. सोमवार, १५ डिसेंबरपासून मी नेहमीप्रमाणे शाळेत हजर राहीन.

या काळात शुक्रवारी आमच्या तुकडीचे विज्ञानाचे प्रात्यक्षिक आहे. ते चुकू नये असे मला मनापासून वाटते. ‘अ’ तुकडीचे तेच प्रात्यक्षिक मंगळवारी, १६ डिसेंबरला आहे. आपली परवानगी असल्यास मी त्यांच्यासोबत ते पूर्ण करीन. याबाबत मी विज्ञानाच्या सरांना विचारले असून त्यांची हरकत नाही. गणित आणि इंग्रजीचा बुडालेला अभ्यास माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या वह्यांवरून रविवारी उतरवून घेईन. वर्गशिक्षिकांनाही मी रजेची कल्पना दिली आहे.

तरी कृपया मला वरील तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
मधुरा सुधीर भिडे
इयत्ता ९ वी ‘ब’

पालकांचे निवेदन :

वरील मजकूर खरा आहे. मधुरा आमच्यासोबतच गावी येणार आहे. तिचा राहिलेला गृहपाठ आणि प्रात्यक्षिक वेळेत पूर्ण होईल याकडे आम्ही घरून लक्ष देऊ. कृपया रजा मंजूर करावी.

सुधीर भिडे
(पालक)