‘गुन्हा आणि शिक्षा’, भाग १ : बैठका हुकलेल्यांसाठी

मंडळी, रविवारी भाग २ सुरू करतोय. तोवर एवढं पुरे.

प्र. १ : रास्कोल्निकोव्ह वडिलांचं घड्याळ गहाण टाकायला सावकारीण अल्योनाकडे जातो. खरं तर ती तिच्या खुनाची तालीमच.

प्र. २ : गुत्त्यात मार्मेलादोव्ह भेटतो. मुलगी सोन्या घरासाठी देहविक्रय करते, आणि बाप तिच्याच पैशांची दारू पितो. भाषण लांबलंय, पण गाळू नका. सोन्या पुढे लागणार आहे.

प्र. ३ : आईचं पत्र. बहीण दुन्या लुझिनशी लग्न करतेय, भावासाठीच. हा भडकतो.

प्र. ४ : रस्त्यातल्या झिंगलेल्या मुलीला मदत करतो आणि लगेच पस्तावतो.

प्र. ५ : घोडीला मारून टाकण्याचं स्वप्न. हे मात्र मुळातूनच वाचा. उठल्यावर बेत सोडतो. मग बाजारात कानावर येतं, उद्या सात वाजता अल्योनाची बहीण लिझावेता घरी नसेल.

प्र. ६ : कोटाच्या आत कुऱ्हाडीसाठी फास शिवतो. कुऱ्हाड दरवानाच्या खोलीतून.

प्र. ७ : अल्योना पुडक्याची गाठ सोडत असतानाच घाव. लिझावेता अवचित परतते, तीही मरते. दाराबाहेर गिऱ्हाईक घंटा वाजवतंय, आत हा कुऱ्हाड धरून उभा. निसटतो कसा, ते तुम्हीच वाचा.