दोन आकडे कमी

शिष्यवृत्तीच्या सरावपत्रिकेत सानिकाला पंचवीसपैकी एकवीस पडले. बाकीच्या तीन फुल्यांबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तिथे तिनं ठोकून दिलं होतं. पण चौदाव्या प्रश्नावरची फुली तिला सहन होईना.

‘१ ते १०० या संख्या लिहिताना ९ हा अंक किती वेळा लिहावा लागेल?’

तिनं २० लिहिलं होतं. बाईंनी लाल पेनानं खोडून शेजारी १९ लिहिलं होतं.

“बाई, मी मोजलंय.”

“उत्तरसूचीत एकोणीस आहे, सानिका. परत मोज.” बाईंच्या टेबलावर बत्तीस पत्रिकांचा गठ्ठा होता आणि पाचवीच्या वर्गात पंखा एकच. त्यांनी सरावसंचाचं शेवटचं पान उघडून दाखवलं. चौदा : १९. पंधरा : १०. बारीक टायपात, रांगेनं, जरासुद्धा शंका नसल्यासारखं.

सानिकानं परत मोजलं नाही. पुस्तकात छापलंय म्हणजे आपलंच कुठेतरी घसरलंय, असं तिनं धरून चाललं.

त्याच संध्याकाळी बाबांनी यादी मागितली. वर्तकनगरला त्यांचं नंबरप्लेट आणि नावाच्या पाट्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे शटर, एक टेबल आणि रस्त्यावर आलेला स्टँड. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीचं काम मिळालं होतं : पार्किंगच्या पाट्या, १ ते १००. काळ्या पाटीवर पांढरे ॲक्रिलिकचे तयार आकडे चिकटवायचे. हे आकडे मस्जिद बंदरला सुटे मिळतात, नगावर.

“कुठला आकडा किती आणू ते लिहून दे,” बाबा म्हणाले. “उगाच जास्त नकोत. आठ रुपयाला एक आहे.”

तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. १ एकवीस, कारण शंभराचा एक जास्तीचा. २ वीस, ३ वीस, असं करत ८ वीस. ९ पुढे आधी वीस लिहिलं, मग फुली आठवली आणि खोडून एकोणीस केलं. सगळे वीस आणि नऊच तेवढा एकोणीस, हे डोळ्यांना खटकलं खरं. ० पुढे दहा लिहिलं. पंधरावा प्रश्न शून्याचाच होता, त्यात तिचं दहा बरोबर आलं होतं, म्हणून तिथे विचार करायचं कारणच नव्हतं.

रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघं बसले. बाबा पाटीवर पेन्सिलीनं रेघ मारून देणार, सानिका आकड्यामागचा पिवळा कागद सोलून देणार, बाबा चिकटवून अंगठ्यानं दाबणार. आकडे तिनं आईच्या मसाल्याच्या रिकाम्या डब्यांत वेगळे केले होते. एकच घोळ होता. सहा आणि नऊ. इंग्रजी सहा फिरवला की नऊ होतो. वहीतल्या मराठी सहाला ही कला जमत नाही, पण या पाट्या इंग्रजीतल्या. त्यामुळे दोघांचा डबा एकच, एकूण एकोणचाळीस नग.

चाळीसपर्यंत गप्पा चालल्या. साठच्या पुढे बोटांना डिंक लागून कागद सुटेना. नव्वद आली तेव्हा बाहेर अंधार पडला होता आणि समोरचा वडापाववाला तेल गाळत होता.

अठ्ठ्याण्णव झाली. नव्याण्णवच्या पाटीवर पहिला नऊ बसला. सानिकानं डब्यात हात घातला. डबा रिकामा.

“नऊ संपले.”

“सहा लाव उलटा.”

“सहाही संपले, बाबा. एकच डबा आहे ना.”

बाबांनी टेबलाखाली बघितलं, स्टुलाखाली बघितलं, चप्पल उलटी करून बघितली. बाबांचा आकड्यांपेक्षा जमिनीवर विश्वास जास्त. काहीच सापडलं नाही.

सानिका मात्र त्या पाटीकडे बघत राहिली. एक नऊ आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीच्या रेघेवर मोकळी जागा. नऊच्या नऊ पाट्यांवर शेवटी नऊ, एकोणीसपासून नव्याण्णवपर्यंत. अधिक साधा नऊ. अधिक नव्वदीच्या दहा पाट्यांवर सुरुवातीला एकेक.

“वीस!” ती इतक्या जोरात ओरडली की वडापाववाल्यानं मान वर केली. “बाबा, वीसच लागतात! नव्याण्णवात दोन आहेत! पुस्तक चुकलंय!”

“बरं,” बाबा म्हणाले. ते शेवटची पाटी हातात धरून होते. “ह्याला शून्यही एक कमी पडतोय. दोन आकड्यांसाठी परत मस्जिदला जायचं म्हणजे...”

सानिका ऐकतच नव्हती. ती नव्याण्णवची पाटी वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

सोमवारी प्रार्थना झाल्या झाल्या तिनं ती बाईंच्या टेबलावर ठेवली. काय बोलायचं ते तिनं रिक्षात पाठ केलं होतं, पण ऐन वेळी एवढंच आलं : “बाई, एकोणीस आणले तर हे असं होतं.”

बाईंनी पाटी बघितली. मग प्रश्न वाचला. मग परत वाचला, या वेळी बोट ठेवून. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी ९, १९, २९ असं लिहीत नेलं आणि नव्याण्णवपाशी खडू थांबला.

“नऊ असलेल्या संख्या एकोणीस,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “पण विचारलंय अंक किती वेळा. उत्तर काढणाऱ्यानं संख्या मोजल्या. आणि मी त्याच्यावर बत्तीस जणांना...” पुढचं त्यांनी गिळलं. “आण तुझी पत्रिका.”

फुलीवर त्यांनी बरोबरची खूण गिरवली. ती काही नीट दिसेना, नुसता लाल गिचका झाला. वर एकवीस खोडून बावीस केलं. वर्गात सगळ्यांना पत्रिका परत आणायला सांगितल्या. एकोणीस लिहून मार्क मिळवलेल्या सात जणांची तोंडं बघण्यासारखी झाली. त्यातल्या एकानं तर न मोजता मागचं पान बघितलं होतं, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

सानिका जागेवर येऊन बसली. शेजारी ईश्वरी आपली पत्रिका सरळ करत होती.

“तुझे किती झाले?” सानिकानं विचारलं.

“वीस. माझा नऊचा बरोबर झाला. शून्याचा चुकलाय. मी अकरा लिहिलं. वेडी आहे मी.”

सानिकानं तिच्या पत्रिकेवरची फुली बघितली. मग स्वतःच्या पत्रिकेवरची बरोबरची खूण बघितली. शंभराच्या पाटीवर बाबा अंगठा ठेवून उभे होते ते तिला आत्ता दिसलं. ह्याला शून्यही एक कमी पडतोय. दहा, वीस, तीस करत नव्वदपर्यंत नऊ. शंभरात दोन.

बावीस हा आकडा दिसायला छान होता. बाईंनी तो गोल काढून लिहिला होता.

ती मधल्या सुट्टीपर्यंत गप्प बसली. डब्यात थालीपीठ होतं, तेही अर्धंच खाल्लं. घंटा व्हायच्या आधी ईश्वरीची पत्रिका ओढून घेऊन ती टेबलाकडे गेली. बाई गठ्ठ्यात मान घालून बसल्या होत्या.

“बाई, अजून एक.”

“अजून एक मार्क?” बाईंनी मान वर केली नाही.

“हिला एक द्यायचाय,” सानिकानं दोन्ही पत्रिका पुढे ठेवल्या, “आणि माझा एक काढायचाय.”