मुलांसाठी उन्हाळी पोहण्याची बॅच: सोमवार, १३ एप्रिल ते शनिवार, ९ मे

पालकहो, सुट्टी पडली की मुलं खानापूर, कंग्राळी, उचगावकडं आजोळी जातात आणि विहीर, तळं नाहीतर मलप्रभेचा डोह त्यांना बोलावतोच. तिथं जाऊ नको म्हणून भागत नाही, म्हणून टिळकवाडीतल्या आमच्या तलावावर यंदाही मुला-मुलींची बॅच घेत आहोत. महिन्याभरात चॅम्पियन करतो असं आम्ही सांगत नाही. पाण्यात न घाबरता पाठीवर तरंगायचं आणि काठ गाठायचा, हे आधी. फ्रीस्टाइल त्यानंतर.

गट
५ ते ७ वर्षे: सकाळी ९ ते ९.४५, अडीच फुटी छोटा तलाव. एका शिक्षकाकडं चारच मुलं, आणि एक पालक काठावर हवाच.
८ ते ११ वर्षे: सकाळी ८ ते ९.
१२ ते १५ वर्षे: सकाळी ७ ते ८. फक्त मुलींची वेगळी बॅच दुपारी ४ ते ५, शिकवायला बाई आहेत.
रविवारी सुट्टी. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीनंतरच्या सकाळीही तलाव बंद. रात्रभर जागलेलं पोर पाण्यात उतरवायचं नाही.

नियम (यात सवलत नाही)
शिक्षक आल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. काठावर पळणं, ढकलाढकली, उथळ बाजूला सूर मारणं बंद. पाण्याखाली श्वास कोण जास्त वेळ धरतो ही पैज तर अजिबात नाही. त्यात चांगला पोहणाराही आवाज न करता बेशुद्ध पडतो. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, म्हणून काठावरच्या पालकांनी मोबाइल पिशवीत ठेवावा. दंडाला बांधायचे हवेचे फुगे आणू नका, त्यांचा भरवसा नाही.

दुपारच्या बॅचला वळवाची भीती असते. गडगडाट ऐकू आला की सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाणी बंद. बुडालेला तास भरून देऊ, पण त्यावरून वाद नको.

ताप, जुलाब, कानातून पाणी येणं, उघडी जखम असेल तर घरीच ठेवा. फिट्स किंवा दमा असल्यास फॉर्मवर लिहा. लपवू नका, त्यासाठी कुणाला परत पाठवत नाही. डोक्याला तेल नको, आंघोळ करूनच उतरायचं. नायलॉनचा कॉश्च्युम, टोपी, गॉगल घरून आणावा. बनियन-चड्डीवर प्रवेश नाही. तासभर आधी पोटभर खाऊ घालू नका.

ट्रायल क्लास
रविवार, १२ एप्रिल, सकाळी ८ ते ११, प्रत्येकाला अर्धा तास, मोफत. मूल रडलं तरी आणा, पहिल्या दिवशी बरीच रडतात. त्याच दिवशी नाव नोंदवल्यास १,८०० रुपयांऐवजी १,६०० रुपये फी. सख्ख्या भावंडांतल्या दुसऱ्याला १,४००. शिकवणं मराठी आणि कन्नड दोन्हीत.

नावनोंदणी तलावाच्या ऑफिसात, संध्याकाळी ५ ते ७. जन्मदाखल्याची झेरॉक्स आणि दोन फोटो आणावेत. छोट्या गटात १६ जागाच आहेत.