सप्टेंबर २०२५ चा कामगिरी अहवाल, ऑगस्टच्या दुरुस्त आकड्यांसह

प्रति: संचालक साहेब, पहिल्या व दुसऱ्या पाळीचे सुपरवायझर
प्रत: मेंटेनन्स, स्टोअर
दिनांक: ४ ऑक्टोबर २०२५, भोसरी

आदरणीय साहेब आणि दोन्ही सुपरवायझर दादा,

सप्टेंबरचा अहवाल पाठवते आहे. त्याआधी ऑगस्टच्या अहवालातली चूक दुरुस्त करते, कारण तिचा त्रास पहिल्या पाळीच्या मुलांना झाला.

त्या अहवालात पहिल्या पाळीचं रिजेक्शन १.५ टक्के लिहिलं होतं आणि दुसऱ्या पाळीचं नुसतं ०.०२१. दुसरा आकडा शीटमधून टक्क्यांत न बदलता तसाच आला होता, तो २.१ टक्के हवा होता. वाचणाऱ्याने तो ०.०२१ टक्के समजला आणि दुसरी पाळी फारच सरस आहे असा निष्कर्ष निघाला. खरं तर ऑगस्टमध्ये पहिल्या पाळीचे ३५,६४० पैकी ५३५ नग रिजेक्ट झाले आणि दुसऱ्या पाळीचे ३४,७५२ पैकी ७३२. पहिल्या पाळीला जे बोलणं ऐकावं लागलं ते माझ्या अहवालामुळे. त्याबद्दल मी मनापासून माफी मागते.

या महिन्यापासून टक्केवारी सगळीकडे एक दशांश स्थळापर्यंत, वेळ तासांत एक दशांशापर्यंत, व्यास मिमीमध्ये तीन दशांशांपर्यंत आणि उत्पादन नगांत लिहिलं आहे. दोन महिन्यांच्या टक्केवारीतला फरक ‘टक्के बिंदू’ या शब्दाने दिला आहे. रिजेक्शन १.८ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आलं, तर ती ०.७ टक्के बिंदूंची घट. तीच घट ऑगस्टच्या दराच्या तुलनेत ३८.९ टक्के होते. दोन्ही खरं आहे, पण नुसतं ‘०.७ टक्के घट’ लिहिलं तर वाचणारा कोणता अर्थ घेईल ते सांगता येत नाही.

दोन्ही महिन्यांत कामाचे दिवस २५ होते. ऑगस्टमध्ये चार गुरुवार, स्वातंत्र्यदिन आणि गणेश चतुर्थी. सप्टेंबरमध्ये चार गुरुवार आणि विसर्जन. सहा मशीन, दोन पाळ्या, जेवणाची सुट्टी वजा जाता पाळीला ७.५ तास, म्हणून नियोजित वेळ दोन्हीकडे २,२५०.० तास. तुलना सरळ करता येते.

| बाब | एकक | ऑगस्ट (दुरुस्त) | सप्टेंबर | फरक |
|---|---|---|---|---|
| मशीन बंद | तास | ३३३.० | २७४.५ | −५८.५ तास |
| अव्हेलेबिलिटी | टक्के | ८५.२ | ८७.८ | +२.६ टक्के बिंदू |
| परफॉर्मन्स | टक्के | ९१.८ | ९२.९ | +१.१ टक्के बिंदू |
| क्वालिटी | टक्के | ९८.२ | ९८.९ | +०.७ टक्के बिंदू |
| ओईई | टक्के | ७६.८ | ८०.७ | +३.९ टक्के बिंदू |
| एकूण उत्पादन | नग | ७०,३९२ | ७३,४१० | +३,०१८ नग |
| रिजेक्ट | नग | १,२६७ | ८०७ | −४६० नग |

ऑगस्टची अव्हेलेबिलिटी आधी ८५.५ टक्के कळवली होती. लॉगबुकात ‘२.३०’ म्हणजे दोन तास तीस मिनिटं, पण बेरीज करताना ते २.३० तास धरले गेले, खरे २.५ तास. अशा अर्ध्या तासाच्या ३० नोंदी होत्या. प्रत्येकीत ०.२ तास कमी पडले आणि बंद वेळ ३३३.० ऐवजी ३२७.० तास आली. वाईट म्हणजे यामुळे ओईई बदलला नाही. अव्हेलेबिलिटी जितकी फुगली, तितका परफॉर्मन्स ९१.५ टक्क्यांपर्यंत खाली दिसला आणि गुणाकार ७६.८ टक्केच राहिला. म्हणून शेवटचा आकडा पाहून कोणालाच शंका आली नाही. मशीन चालवणाऱ्यांना मात्र ‘हात हळू चालतो’ असं ऐकावं लागलं असतं. दोन्ही दादांना विनंती: लॉगबुकात ‘२ तास ३० मिनिटं’ असंच लिहा, तासांत रूपांतर मी करेन.

सप्टेंबरच्या २७४.५ तासांपैकी सेटिंगला ११८.० तास गेले, ब्रेकडाउनला ९५.० आणि इन्सर्टची वाट पाहण्यात ६१.५ तास. हे शेवटचे ६१.५ तास पूर्ण टाळता येण्याजोगे आहेत. स्टोअरने इन्सर्टचा दोन दिवसांचा साठा शॉपफ्लोअरच्या कपाटात ठेवावा. किल्ली सुपरवायझर दादांकडे राहील.

रिजेक्शन पहिल्या पाळीत १.० टक्का (३७,०२० पैकी ३७० नग) आणि दुसऱ्या पाळीत १.२ टक्के (३६,३९० पैकी ४३७ नग). कारणांप्रमाणे व्यास मोठा ४१२ नग म्हणजे ५१.१ टक्के, बर आणि फिनिश २२८ नग म्हणजे २८.३ टक्के, हाताळणीतले डेंट १६७ नग म्हणजे २०.७ टक्के. बेरीज १००.१ टक्के येते. प्रत्येक आकडा एका दशांशापर्यंत घेतल्यामुळे हा फरक पडतो. १०० दिसावं म्हणून मी कुठलाही आकडा ओढूनताणून बसवलेला नाही. नगांची बेरीज बरोबर ८०७ आहे.

व्यासाचा प्रश्न मशीन ३ चा आहे. ड्रॉइंगप्रमाणे बुशचा बाहेरचा व्यास २४.९७९ ते २५.००० मिमी. नवीन इन्सर्टवर पहिला नग २४.९८८ मिमी येतो. इन्सर्ट झिजतो तसा व्यास वाढत जातो आणि २००व्या नगाला २५.००० मिमी, म्हणजे वरच्या मर्यादेला टेकतो. पुढचे नग बाहेरच जाणार. पाळी बदलताना इन्सर्ट तसाच राहिला की हा भार दुसऱ्या पाळीवर येतो, त्यांच्या १.२ टक्क्यांमागे हेही आहे. सोमवारपासून मशीन ३ वर दर १०० नगांनी व्यासाच्या ऑफसेटमध्ये −०.००६ मिमी द्यायचे आणि पाळी सुरू होताना इन्सर्टची धार बदलायची. बोलताना आपण ‘सहा मायक्रॉन’ म्हणतो ते ठीक आहे, पण चेकशीटवर मिमीच लिहा. एका कॉलममध्ये ६ आणि ०.००६ शेजारी शेजारी मला सापडले आहेत.

चाकणच्या ग्राहकाकडून परतावा: ७१,८०० नग पाठवले, १४ परत आले, म्हणजे १९५ पीपीएम. ऑगस्टमध्ये ६९,००० पैकी ३१, म्हणजे ४४९ पीपीएम. एवढाच एक आकडा मुद्दाम पीपीएममध्ये आहे. एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम, तेव्हा आमच्या एका दशांशाच्या नियमात हा परतावा ‘०.० टक्के’ छापला गेला असता. ते १४ नग गायब होऊ नयेत.

वीज: सप्टेंबरमध्ये २१,६४० किलोवॅट-तास, ऑगस्टमध्ये २१,९८० किलोवॅट-तास. १०० चांगल्या नगांमागे खर्च ३१.८ वरून २९.८ किलोवॅट-तासांवर आला. मीटरवरचं एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास. मागच्या वेळी मी नुसतं ‘किलोवॅट’ लिहिलं होतं, तेही चूक. कॉम्प्रेसरच्या लाइनमधल्या गळत्या मेंटेनन्सने महिन्याच्या सुरुवातीलाच बंद केल्या, त्याचा या घटीत वाटा आहे.

साहेब, ऑगस्टचा अहवाल ज्यांच्याकडे पुढे गेला असेल, त्यांना हा मेल कृपया पाठवावा. सोमवारी दुपारी पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांना एकत्र उभं करून ऑगस्टचे दुरुस्त आकडे मीच वाचून दाखवेन. सप्टेंबरची शीट सोबत जोडली आहे. लॉगबुकाशी काही जुळत नसेल तर मंगळवारपर्यंत सांगा.

आपली,
गुणवत्ता विभागप्रमुख